‘आता बघ’ कुठे ठेवायचं, कुठे कापायचं

कोकणातल्या माणसांवरचे व्यक्तिलेख दिवाळी अंकांत आणि रविवारच्या पुरवण्यांत भरपूर येतात. होडी बांधणारा सुतार, दशावतारातला जुना नट, मासळी विकणारी आजी, रापणीचा म्होरक्या अशी माणसं त्यांत भेटतात. लेख वाचून झाला की माणूस काय करतो ते कळतं, पण तो बोलतो कसा ते कळत नाही. बहुतेक वेळा त्याचं बोलणं दोन तऱ्हांनी मारलेलं असतं. एक तर त्याच्या तोंडी ‘मनुष्यबळाच्या अभावामुळे’ असं काहीतरी घातलेलं असतं, नाहीतर दर दोन ओळींनी ‘रे मेल्या’, ‘गो बाय’ पेरून त्याला विनोदी पात्र करून टाकलेलं असतं. मालवणी बोली रंगभूमीवर गाजली ती मुख्यतः विनोदातून, त्यामुळे ती छापली की वाचक हसायला तयारच असतो आणि लिहिणाराही नकळत त्या हशाला खतपाणी घालतो.

यावर सांगितला जाणारा उपाय म्हणजे ‘जसं बोलले तसं छापा’. तो उपाय फसवा आहे. तासाभराच्या बोलण्याचे सहा-सात हजार शब्द सहज होतात आणि व्यक्तिलेखाला जागा मिळते बाराशे ते पंधराशे शब्दांची. त्यात लेखकाचं निवेदन धरलं तर बोलणाऱ्याच्या वाट्याला चारशे-पाचशे शब्द येतात. म्हणजे कापायचं की नाही हा प्रश्नच उरत नाही. काय कापल्यावर माणूस तोच राहतो आणि काय कापल्यावर दुसराच होतो, एवढंच ठरवायचं असतं. आमचं मत असं, की माणसाची लकब शब्दांच्या रूपांत थोडी आणि वाक्यांच्या क्रमात जास्त असते. तो प्रश्न कसा टाळतो, कशावरून कशावर जातो, कोणतं वाक्य दुसऱ्यांदा म्हणतो, हे सांभाळलं तर बाकी पुष्कळ कापता येतं.

एक नमुना घेऊन बघू. मालवणच्या किनाऱ्यावर सत्तरीतले एक रापणकर बोलताहेत असं धरू. उतारा या लेखासाठी रचलेला आहे, पण अशा ध्वनिमुद्रणांत जे जे भेटतं ते त्यात आहे. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडीतून ते समुद्रात अर्धवर्तुळात टाकत नेतात आणि त्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर उभी असलेली माणसं ओढत आणतात. प्रश्न होता: पूर्वी रापणीला मासळी जास्त मिळायची का?

‘आता बघ. मासळी होती काय, तर होती. म्हणजे... होती. नाय असा नाय. आमच्या बापाशीच्या टायमाक म्हणशीत तर... तेवा हो रस्तो नव्हतो, हो मागसून इलो. त्या वर्सा धाकल्याचा लगीन होता, मांडवाक माणसा नाय, सगळी रापणीर. तर काय सांगी होतंय? हां. मासळी. आता बघ, रापण म्हणजे एकट्याचा काम नाय. चाळीस माणसा व्हयीत दोरयेक. पन्नास आसली तर बरां. आता माणसाच नाय. पोरगे मुंबैक. मासळी काय, ती येता, जाता. तिका काय आमचो पत्तो म्हायत आसा? ती येता जाता. पण ओढतलो कोण? आता बघ, ते पर्ससीनवाले थंय भायर... तां जावंदे, तां लिवू नको. समाजला? तर काय सांगी होतंय... हां. वीस हारे गावले तरी आमी कदी कोणाक उपाशी धाडूक नाय. ज्येना दोरयेक हात लावलो, त्येका वाटो. पावणो आसांदे, पोर आसांदे. दोरयेक हात लावलो, वाटो.’

हा उतारा संपादनासाठी वृत्तपत्राच्या डेस्कवर गेला की साधारण असा होऊन येतो: “पूर्वी मासळी मुबलक मिळत असे. परंतु आता तरुण मुंबईला गेल्याने मनुष्यबळाअभावी रापण व्यवसाय अडचणीत आला आहे,” असे त्यांनी सांगितले. भाषा रुक्ष झाली हा यातला किरकोळ दोष. खरा दोष असा, की मासळी मुबलक होती असं ते म्हणालेलेच नाहीत. ‘होती’ म्हणून ते अडखळले, पुन्हा ‘होती’ म्हणाले आणि मग प्रश्नच बाजूला सारला. त्यांचं म्हणणं मासळीबद्दल नव्हतं, दोराला लागणाऱ्या हातांबद्दल होतं. डेस्कने वार्ताहराचा प्रश्न उचलून त्यांच्या तोंडात उत्तर म्हणून घातला. लकब पुसली की अनेकदा अर्थही असाच पुसला जातो, म्हणून हा केवळ भाषेच्या गोडीचा मामला नाही.

आता हाच उतारा नीट कसा उतरवायचा ते बघू. पहिलं काम कापण्याचं नसून मोजण्याचं आहे. जो शब्दप्रयोग पुन्हा पुन्हा येतो तो समासात लिहायचा आणि तो तिथे काय काम करतो ते शेजारी नोंदवायचं. इथे ‘आता बघ’ तीनदा येतं. पहिल्यांदा ते नुसतं बोलायला सुरुवात करण्यापुरतं आहे. दुसऱ्यांदा ते प्रश्न मोडून स्वतःचा मुद्दा मांडायला येतं. तिसऱ्यांदा ते पर्ससीनवाल्यांबद्दलच्या, म्हणजे यंत्राच्या बोटींवरून मोठी जाळी टाकणाऱ्यांबद्दलच्या, तक्रारीकडे वळतं आणि लगेच मागे फिरतं. तीनांतलं दुसरं ठेवायचं, कारण तिथे ते कामाला आलेलं आहे. सबंध मुलाखतीत ते तीस वेळा येत असेल तर लेखात तीनेकदा पुरतं. वाचकाच्या कानात तेवढ्यानं बसतं. त्याहून जास्त झालं की तो ते मोजायला लागतो आणि बोलणाऱ्याचं म्हणणं राहून जातं.

‘म्हणजे’, ‘हां’, अर्धवट सुटलेली वाक्यं ही बहुतेक सगळी जातात. प्रत्येक बोलण्यात ती असतात आणि कोणा एकाची नसतात. कागदावर ती उतरवली की शहाणा माणूसही गोंधळलेला दिसतो. अपवाद एकच. अडखळणंच उत्तर असेल तर ते सांगायला हवं, पण ते निवेदनात सांगितलेलं बरं: ‘मासळी जास्त होती का, या प्रश्नावर ते दोनदा “होती” म्हणाले आणि वडिलांच्या काळाकडे वळले.’ एवढ्या एका ओळीत अवतरणातले टिंबटिंब टळतात आणि वाचकाला खरी गोष्ट कळते.

मग येतो पाल्हाळाचा प्रश्न, आणि घाई सगळ्यात जास्त नडते ती इथेच. रस्ता आणि धाकट्याचं लग्न ही दोन्ही विषयांतरं दिसतात, म्हणून पहिल्याच वाचनात दोन्हींवर फुली पडते. पण पाल्हाळ ओळखायची एक साधी कसोटी आहे: विषयांतर संपल्यावर बोलणारा जिथे पोचतो तिथे तो त्या वाटेनं गेला नसता तर पोचला असता का? रस्ता नंतर झाला, यातून पुढे काहीच निघत नाही. तो कापायचा. लग्नाचं मात्र वेगळं आहे. घरच्या लग्नात मांडवाला माणसं नाहीत कारण सगळी रापणीवर, हेच त्यांचं खरं उत्तर आहे. तेव्हा हात होते, आता नाहीत. ‘चाळीस माणसा व्हयीत’ हे वाक्य त्यांना त्या मांडवावरूनच सुचलं. म्हणून लग्न ठेवायचं, आणि त्यामागून येणारं ‘तर काय सांगी होतंय?’ हेही एकदा ठेवायचं. हा माणूस भरकटतो आणि परत येतो, ही त्याची चाल वाचकाला एकदा पुरी दिसली पाहिजे. पुढे पुन्हा दाखवायची गरज नाही.

कापताना एक बारीक धोका असतो. रस्ता काढला की ‘त्या वर्सा’ लोंबकळतं, कारण ते वर्ष रस्त्याचं होतं. ते तसंच ठेवलं तर लग्न ‘बापाशीच्या टायमा’तल्या कुठल्यातरी ठरावीक वर्षाचं वाटेल आणि एक खोटी तारीख लेखात शिरेल. तेव्हा ते दोन शब्दही जातात. मजकूर काढला की त्याच्या मागचे-पुढचे ‘तो’, ‘तेव्हा’, ‘तिथे’ असे शब्द कोणाकडे बोट दाखवतात ते प्रत्येक वेळी तपासावं. मुलाखतींच्या लेखांतल्या चुका बऱ्याचदा इथेच झालेल्या असतात आणि त्या कोणाच्या लक्षातही येत नाहीत.

एवढं केल्यावर मजकूर असा उरतो:

मासळी पूर्वी जास्त होती का, या प्रश्नावर ते दोनदा ‘होती’ म्हणाले आणि वडिलांच्या काळाकडे वळले. “धाकल्याचा लगीन होता, मांडवाक माणसा नाय, सगळी रापणीर. तर काय सांगी होतंय? हां. मासळी. आता बघ, रापण म्हणजे एकट्याचा काम नाय. चाळीस माणसा व्हयीत दोरयेक. पन्नास आसली तर बरां.” आता पोरगे मुंबईला आहेत आणि दोराला माणसं मिळत नाहीत. मासळीबद्दल त्यांची तक्रार नाही. “मासळी काय, ती येता, जाता. तिका काय आमचो पत्तो म्हायत आसा? पण ओढतलो कोण?” मासळी थोडी आली तरी वाटणीचा नियम बदललेला नाही. “ज्येना दोरयेक हात लावलो, त्येका वाटो. पावणो आसांदे, पोर आसांदे. दोरयेक हात लावलो, वाटो.”

दुसरं ‘ती येता जाता’ गेलं आणि दुसरं ‘दोरयेक हात लावलो’ राहिलं. दोन्ही पुनरुक्तीच, मग भेदभाव का? पहिल्यात तेच शब्द तसेच परत आले आहेत. दुसऱ्यात वाक्य आखडलेलं आहे, ‘ज्येना’ आणि ‘त्येका’ गळून नुसता नियम उरला आहे. वर्षानुवर्षं किनाऱ्यावर बोललं गेलेलं वाक्य असं घासून लहान होतं. तिथे कात्री लावली तर लेखातली सगळ्यात चांगली ओळ गेली.

यातलं एकही अवतरण लेखकानं जोडलेल्या शब्दांनी पुरं केलेलं नाही. जिथे दुवा हवा तिथे अवतरण बंद करून प्रमाण मराठीत निवेदन आलं आहे. पुनरुक्ती आणि ‘म्हणजे’सारखे शब्द कुठलीही खूण न करता काढले तर हरकत नाही. मात्र मधला नवा मजकूर काढला तर अवतरण तोडून पुन्हा उघडावं, आणि मुलाखतीत दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरानं आलेली दोन वाक्यं एकाच अवतरणात कधीच शिवू नयेत. अवतरणातले शब्द बदलण्यावरून अमेरिकेत मॅसन विरुद्ध न्यूयॉर्कर हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. 1991 साली न्यायालयानं म्हटलं, की शब्द जाणूनबुजून बदलले एवढ्यावरून मजकूर खोटा ठरत नाही, अर्थामध्ये मोठा फरक पडला तर ठरतो. ती बदनामीच्या कायद्याची कसोटी होती. व्यक्तिलेखाला ती पुरत नाही असं आम्हाला वाटतं. कायद्यानं जे चालतं ते सगळंच बोलणाऱ्या माणसाला ओळखीचं वाटतं असं नाही.

‘तां लिवू नको’ याबद्दल दोन शब्द. ते वाक्य आणि त्याच्या आधीचं अर्धं वाक्य दोन्ही जातात. ‘काही विषयांवर बोलणं त्यांनी टाळलं’ अशी सूचक ओळही लिहू नये, कारण एवढ्याशा गावात तो विषय कोणता हे सगळ्यांना कळतं. पर्ससीन आणि पारंपरिक मच्छीमार यांच्या वादावर लिहायचंच असेल तर ती माहिती दुसरीकडून, उघडपणे मिळवावी. आणखी एक: ‘मासळी येता, जाता’ हे त्यांचं मत आहे, मत्स्यव्यवसायाचा निष्कर्ष नव्हे. मासळी कमी झाली की नाही हा लेखाचा विषय असेल तर आकडे वेगळे शोधावे लागतील. ते काम या वाक्यावर ढकलू नये.

लेखनात बोली कशी उतरवायची याचा घोळ डेस्कवर होतो. ‘आसा’ म्हणजे ‘आहे’ आणि ‘असा’ म्हणजे ‘या प्रकारचा’. नमुन्यात दोन्ही आहेत. शुद्धलेखन तपासणारा, मग तो माणूस असो की संगणक, पहिल्याचं दुसरं करून टाकतो आणि वाक्य कोसळतं. ‘बरां’, ‘तां’ यांवरचा अनुस्वार उडतो. सगळ्यात सभ्य चूक म्हणजे ‘बघ’चं ‘बघा’ करणं. मालवणीत वडीलधारा माणूस समोरच्या तरुणाला ‘बघ’च म्हणणार. त्याला ‘बघा’ म्हणायला लावलं की तो कचेरीत अर्ज घेऊन आल्यासारखा वाटतो. यावर इलाज सोपा आहे. लेखासोबत दहा-पंधरा शब्दांची यादी पाठवायची आणि वर लिहायचं, ‘ही रूपं बदलू नयेत’. ते रूप कोणतं असावं यावर गावागावांत मतभेद असतात. वेंगुर्ल्याकडचं आणि मालवणकडचं बोलणं सारखं नसतं, रत्नागिरीकडची संगमेश्वरी आणि रायगडातली आगरी तर वेगळ्याच. म्हणून ध्वनिमुद्रणात जे ऐकू येतं तेच रूप धरायचं आणि लेखभर तेच चालवायचं.

नागपूरच्या वाचकाला हे कळेल का, अशी शंका संपादक नेहमी काढतात. कळतं, पण दोन अटींवर. एका वेळी दोन-चार वाक्यांपेक्षा लांब बोली देऊ नये, आणि अवघड शब्दाचा अर्थ कंसात न देता आधीच्या निवेदनात सोडून ठेवावा. वर ‘वाटणीचा नियम’ हे शब्द आधी येऊन गेले म्हणून ‘वाटो’ आपोआप उलगडतो. ‘हारे’ म्हणजे मोठ्या टोपल्या हे असं बेमालूम सांगायला जागा नव्हती, म्हणून ते वाक्य निवेदनात गेलं.

याहून वजनदार आक्षेप वेगळाच आहे, आणि तो कोकणातल्या माणसांकडूनच येतो. त्याच पानावर तालुक्याचे अधिकारी प्रमाण मराठीत बोलताना दिसतात आणि रापणकर मालवणीत. अधिकारीही घरी मालवणीच बोलत असतील. मग बोली ही गरिबाच्या कपाळावरची चिठ्ठी झाली की नाही? अनेक जण मुलाखत झाल्यावर सांगतातच, ‘जरा शुद्ध करून घाल, अडाणी दिसतलंय’. हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. आमचं उत्तर असं, की नियम माणसाप्रमाणे बदलू नये. ज्या भाषेत उत्तर मिळालं त्या भाषेत अवतरण, मग उत्तर देणारा कोणीही असो. डॉक्टर मालवणीत बोलले तर डॉक्टरांचं अवतरणही मालवणीत. आणि रापणकर पहिली वीस मिनिटं परक्यासमोर जपून ‘आम्ही जातो, येतो’ असं बोलत असतील, मग मासळीचा विषय निघाल्यावर मालवणीत घसरले असतील, तर लेखातही तसंच दिसलं पाहिजे. कोकणात हा बदल जवळजवळ प्रत्येक लांब मुलाखतीत होतो. सगळं मालवणीत करून टाकणं हा त्या माणसाच्या दुसऱ्या भाषेवर अन्याय आहे, जसं सगळं प्रमाण करणं हा पहिलीवर आहे.

तरीही ‘शुद्ध करा’ असा आग्रह असेल तर? छापायच्या आधी फक्त अवतरणं फोनवरून वाचून दाखवावीत, पूर्ण लेख नव्हे. वाचताना सूर बोलीचाच ठेवावा, कारण कागदी सुरात वाचलेली बोली खुद्द बोलणाऱ्यालाही चेष्टेची वाटते. ऐकल्यावर बहुतेकांचा संकोच जातो. कोणाचा गेलाच नाही, तर त्या अवतरणाचा आशय निवेदनात घ्यावा. अवतरणचिन्हांत प्रमाण भाषेतलं वाक्य रचून घालणं हा तोडगा नाही, मग ते त्यांच्या संमतीनं असलं तरी. ते वाक्य कोणी उच्चारलेलंच नसतं.

आता हे सगळं होत का नाही, ते. कारण आवडीनिवडीचं नाही, वेळेचं आहे. एक तासाचं ध्वनिमुद्रण हातानं शब्दशः उतरवायला चार ते सहा तास लागतात. समुद्राचा वारा माइकवर असेल किंवा शेजारी आणखी दोघं बोलत असतील तर जास्तच. तालुक्याच्या वार्ताहराला बातमीमागे किंवा लेखामागे जे मानधन मिळतं त्यात हे तास कोणी धरत नाही. मग तो आठवणीतून लिहितो, आणि आठवणीत आशय राहतो, क्रम राहत नाही. ‘मनुष्यबळाअभावी’ हे आठवणीचं मराठी आहे. बोलीभाषा दिनाला बोलीचं कौतुक छापणाऱ्या पुरवण्यांनी उतरवणीच्या तासांचे पैसे वेगळे मोजले तर त्याचा जास्त उपयोग होईल.

पैसे मिळेपर्यंत काम निम्म्यावर आणायची एक रीत आहे. संपूर्ण मुलाखत उतरवू नये. आधी एकदा सलग ऐकावी आणि दर दोन-तीन मिनिटांना वेळ टाकून एक ओळ लिहावी: ‘14:20 मांडव, माणसं नाहीत’, ‘17:05 लिवू नको’, ‘18:30 वाटा’. जिथे आवाज बदलतो, भाषा घसरते किंवा तेच वाक्य परत येतं तिथे खूण करावी. दीड तासाच्या मुलाखतीत अशा खुणांची मिळून वीस-पंचवीस मिनिटं निघतात आणि तेवढीच शब्दशः उतरवायची. मात्र प्रत्येक तुकड्याच्या आधीचं एक मिनिट आणि प्रश्न हेही उतरवावेत. ते नसले की पुढे कोणी विचारल्यावर ‘होती’ हे कशाला दिलेलं उत्तर होतं, हे सांगता येत नाही.